क्रम धरायचा की सोडायचा? मोजणीच्या आठ गणितांचं वर्कशीट आणि दुहेरी मोजणी पकडायची रीत

अकरावीच्या वह्या तपासताना परम्युटेशन-कॉम्बिनेशनच्या धड्यात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सूत्र पाठ असतं, गुणाकार बरोबर असतो, आणि उत्तर मात्र दुप्पट, तिप्पट, कधी सहापट आलेलं असतं. म्हणजे आकडेमोड चुकलेली नसते. एकच गोष्ट अनेकदा मोजली गेलेली असते आणि ते मोजणाऱ्याच्या लक्षात आलेलं नसतं.

म्हणून मी या धड्याची सुरुवात सूत्राने करत नाही, खालच्या आठ गणितांनी करते. ती आधी वहीत उतरवून घ्या आणि शक्य असेल तर स्वतः सोडवून बघा. मग पुढे वाचा.

१. १० जणांतून तीन जणांची समिती किती प्रकारे निवडता येईल?
२. त्याच १० जणांतून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार किती प्रकारे निवडता येतील?
३. त्याच १० जणांतून एक अध्यक्ष आणि दोन साधे सभासद किती प्रकारे निवडता येतील?
४. १ ते ९ हे अंक वापरून अशा तीन अंकी संख्या किती, ज्यांत अंक डावीकडून उजवीकडे वाढत जातात?
५. ८ संघ आहेत. कोणत्याही दोन संघांत दोन सामने होतात, एक एकाच्या घरच्या मैदानावर आणि एक दुसऱ्याच्या. एकूण सामने किती?
६. ‘नवजीवन’ या शब्दातल्या अक्षरांच्या किती वेगवेगळ्या मांडण्या होतील? त्यांपैकी किती मांडण्यांत दोन्ही ‘न’ शेजारी येतील?
७. सहा मुलांच्या दोन-दोनच्या तीन जोड्या किती प्रकारे पाडता येतील?
८. ५ बायका आणि ४ पुरुष यांच्यातून चार जणांची समिती निवडायची आहे. समितीत किमान दोन बायका हव्यात. किती प्रकारे?

आधी एक उत्तर पूर्ण लिहा

सूत्राला हात लावायच्या आधी वहीत एक नमुना लिहायचा. ‘किती प्रकारे’ असं विचारलंय ना, मग त्यातला एक प्रकार प्रत्यक्ष कसा दिसतो? पहिल्या गणितात तो असा: मीना, राजू, सलीम. दुसऱ्यात असा: अध्यक्ष मीना, सचिव राजू, खजिनदार सलीम.

आता नमुन्यातल्या दोघांची अदलाबदल करा आणि स्वतःला विचारा, ही नवी गोष्ट झाली की जुनीच राहिली? ‘राजू, मीना, सलीम’ ही तीच समिती आहे. बैठकीला तेच तिघे येणार आहेत. पण ‘अध्यक्ष राजू, सचिव मीना’ झालं की कारभार बदलला. म्हणून पहिल्या गणितात क्रमाला अर्थ नाही आणि दुसऱ्यात आहे. सगळी परीक्षा एवढीच. ती नमुन्यावर करायची, प्रश्नातल्या शब्दांवर नाही.

दुसरं गणित आधी संपवू, कारण ते सरळ आहे. अध्यक्षपदासाठी १० जण आहेत. एक ठरला की सचिवपदासाठी ९ उरतात आणि खजिनदारपदासाठी ८. म्हणून १० × ९ × ८ = ७२०. पुस्तकात यालाच परम्युटेशन किंवा nPr म्हणतात.

पहिल्या गणितासाठी हाच गुणाकार केला तर काय होतं ते बघा. मीना, राजू आणि सलीम यांची एकच समिती या ७२० च्या यादीत सहा वेळा येते: मीना-राजू-सलीम, मीना-सलीम-राजू, राजू-मीना-सलीम, राजू-सलीम-मीना, सलीम-मीना-राजू, सलीम-राजू-मीना. तीन जणांना ओळीत उभं करायचे ३ × २ × १ = ६ प्रकार, म्हणून सहा. हा गुणाकार ३! असा लिहितात आणि त्याला ‘तीन फॅक्टोरियल’ म्हणतात. प्रत्येक समिती, कोणतीही घ्या, बरोबर सहा वेळा मोजली गेली आहे. म्हणून ७२० ÷ ६ = १२०.

इथे थोडं थांबा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. क्रम सोडून केलेल्या या निवडीला पुस्तकात कॉम्बिनेशन किंवा nCr म्हणतात, पण ते काही वेगळं, स्वतंत्र सूत्र नाही. आधी क्रम धरून मोजायचं, मग एकेक गोष्ट किती वेळा मोजली गेली ते बघून तेवढ्याने भागायचं, हीच कृती त्यात गुंडाळून ठेवली आहे. आणि हा भागाकार चालतो तो एकाच अटीवर: प्रत्येक गोष्ट सारख्याच वेळा मोजली गेलेली असली पाहिजे. आठव्या गणितात ही अट मोडते, आणि बहुतेकांचं पाऊल तिथेच घसरतं.

दोन सूत्रांपैकी एक निवडायचं नसतं

तिसऱ्या गणिताशी मुलं अडतात. एक अध्यक्ष आणि दोन सभासद, हे परम्युटेशन की कॉम्बिनेशन? प्रश्नच चुकीचा आहे. अदलाबदल सगळ्या गणितावर एकदम करायची नाही, जागांच्या प्रत्येक जोडीवर करायची. अध्यक्ष आणि एक सभासद यांची अदलाबदल केली तर समिती बदलते. दोन सभासदांची आपसात केली तर बदलत नाही. म्हणजे क्रम अर्धा धरायचा आणि अर्धा सोडायचा.

क्रम धरून मोजलं तर ७२०. त्यात प्रत्येक समिती दोनदा आली आहे, कारण दोन सभासद मागेपुढे लिहिले गेले. म्हणून ३६०. दुसऱ्या वाटेने बघा: आधी अध्यक्ष १० प्रकारे, मग उरलेल्या ९ मधून दोन सभासद ३६ प्रकारे, १० × ३६ = ३६०. तिसरी वाटही आहे: तिघांची समिती १२० प्रकारे निवडा आणि मग त्यांच्यातला एक अध्यक्ष करा, १२० × ३ = ३६०. तिन्ही वाटा एकाच ठिकाणी आल्या की निर्धास्तपणे पुढे जावं. मी मुलांना दुसरी वाट समासात लिहायलाच लावते, कारण त्याच वाटेने पुन्हा तपासलं तर जुनी चूक दुसऱ्यांदाही बरोबरच वाटते.

शब्दांवर जाऊ नका

‘निवडा’ म्हटलं की कॉम्बिनेशन आणि ‘मांडा’ म्हटलं की परम्युटेशन, असा एक ठोकताळा मुलांमध्ये फिरत असतो. तो टाकून द्या. ‘१० धावपटूंतून पहिले तीन क्रमांक निवडा’ यात ‘निवडा’ आहे, पण पहिला आणि दुसरा बदलले की बक्षीस बदलतं. उत्तर ७२०.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे चौथं गणित. संख्या म्हटली की क्रम आलाच असं वाटतं, ३५८ आणि ८५३ वेगळ्याच असतात. पण नमुना लिहा: ३५८. आता अदलाबदल करा: ५३८. ही चढती नाही, म्हणजे ती उत्तरांत बसतच नाही. ३, ५ आणि ८ हे तीन अंक निवडले की त्यांचा क्रम ठरूनच जातो, आपल्याला ठरवायला काही उरत नाही. म्हणून फक्त निवड मोजायची: ९ × ८ × ७ ÷ ६ = ८४.

याच गणितात ‘वाढत जातात’ऐवजी ‘कमी होत जातात’ केलं आणि शून्यही वापरायला दिलं, तर दहा अंकांतून तीन, म्हणजे १२० संख्या होतात. उतरत्या क्रमात शून्य आलंच तर शेवटी येतं, त्यामुळे ते पहिल्या जागी येण्याची भीती नाही. चढत्या क्रमात मात्र ते पहिल्याच जागी जाऊन बसलं असतं आणि संख्या तीन अंकी राहिली नसती.

पाचव्या गणितात ८ × ७ = ५६ असं लिहून लगेच २ ने भागायची सवय हाताला असते, कारण हस्तांदोलनाच्या गणितात तसं करतात. इथे नमुना लिहा: मुंबई विरुद्ध चेन्नई, मैदान मुंबईचं. अदलाबदल केली तर मैदान चेन्नईचं होतं, आणि तो दुसरा सामना आहे. म्हणून भागायचं नाही, उत्तर ५६. २००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हा आठ संघांच्या साखळीत नेमके एवढेच सामने ठेवले होते. प्रत्येक जोडीत एकच सामना असता तर अदलाबदलीने काही बदललं नसतं आणि २८ सामने पुरले असते.

क्रम धरायचा आणि क्रम सोडायचा, या दोन्ही मोजण्या आपल्याकडे जुन्या आहेत. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त एक प्रश्न असा आहे: विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म आहेत, ती हातांत बदलून धरली तर मूर्तींचे प्रकार किती? ४ × ३ × २ × १ = २४. संध्येत म्हणतात ती केशव, नारायण, माधव ही चोवीस नावं याच चोवीस मूर्तींची आहेत. गदा कोणत्या हातात आहे यावर नाव ठरतं, म्हणून क्रम धरायचा. तिथेच शंकराच्या दहा हातांतल्या दहा आयुधांचाही प्रश्न आहे आणि उत्तर ३६,२८,८०० येतं. त्याच पुस्तकात गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट आणि कडू या सहा रसांतून एक, दोन, तीन असे रस घेऊन पदार्थाच्या चवी किती होतील, हेही विचारलं आहे. आमटीत चिंच आधी मोजली की गूळ, याने चवीच्या यादीत फरक पडत नाही, म्हणून तिथे फक्त निवड. एकेक रसाचे ६, दोन-दोनचे १५, तीन-तीनचे २०, चार-चारचे १५, पाच-पाचचे ६ आणि सगळे मिळून १, एकूण ६३. हे दोन प्रश्न शेजारी ठेवून वाचले की क्रमाचा मुद्दा जितका लख्ख कळतो तितका व्याख्येने कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

सारखी अक्षरं

‘नवजीवन’ची अक्षरं म्हणजे न, व, जी, व, न. मात्रा अक्षरासोबतच धरायची, ‘जी’ हे एक अक्षर. आता क्षणभर एक ‘न’ लाल शाईने आणि एक निळ्या शाईने लिहा, तसंच दोन ‘व’चंही करा. पाचही अक्षरं वेगळी झाली, म्हणून मांडण्या ५! = १२०. पण शाई एकाच रंगाची केली की लाल-निळा ‘न’ बदलून काही फरक दिसत नाही, आणि ‘व’चंही तेच. प्रत्येक मांडणी २ × २ = ४ वेळा मोजली गेली होती. १२० ÷ ४ = ३०.

दुसरा भाग जास्त शिकवणारा आहे. दोन्ही ‘न’ शेजारी हवेत, म्हणून त्यांचा एक गठ्ठा बांधायचा. आता गठ्ठा, व, जी, व अशा चार वस्तू राहिल्या, त्यांत ‘व’ दोनदा. ४! ÷ २ = १२. इथपर्यंत बहुतेक जण बरोबर येतात आणि मग सवयीने २ ने गुणतात, कारण ‘गठ्ठ्याच्या आतली अदलाबदल’ असं त्यांनी आधीच्या एखाद्या गणितात केलेलं असतं. तिथे गठ्ठ्यात दोन वेगळी माणसं होती. इथे गठ्ठा ‘नन’ आहे, तो उलटला तरी ‘नन’च. गुणलं की उत्तर २४ होतं आणि प्रत्येक मांडणी दोनदा मोजली जाते.

पडताळा सोपा आहे. पाच जागांतून दोन ‘न’साठी दोन जागा निवडायचे १० प्रकार. त्यांतले शेजारचे चार: पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-चौथी, चौथी-पाचवी. उरलेल्या तीन जागांत व, व, जी बसवायचे तीन प्रकार. शेजारी असलेले ४ × ३ = १२, नसलेले ६ × ३ = १८, बेरीज ३०. आधीच्या उत्तराशी जुळलं.

मी पहिली जोडी म्हटलं, पण पहिली म्हणजे काय?

सातवं गणित दिसायला निरुपद्रवी आहे. सहातून दोन निवडायचे १५ प्रकार, उरलेल्या चारातून दोन निवडायचे ६, शेवटचे दोन आपोआप उरले, १ प्रकार. १५ × ६ × १ = ९०. इथे क्रम सोडलेला आहे, दोन्ही वेळा कॉम्बिनेशनच वापरलं आहे, मग चूक कुठली?

नमुना लिहा. मुलांना अ, ब, क, ड, ई, फ म्हणू. एक उत्तर: अ-ब, क-ड, ई-फ. आता उलटं चाला. हे तयार उत्तर हातात घ्या आणि विचारा: माझ्या कृतीतून हे किती वेगवेगळ्या प्रकारे बाहेर पडलं असतं? आधी अ-ब निवडून मग क-ड. किंवा आधी क-ड, मग ई-फ. किंवा आधी ई-फ, मग अ-ब. तीन जोड्या कोणत्याही क्रमाने बाहेर येऊ शकतात, म्हणून सहा प्रकारे. जोडीच्या आतला क्रम आपण सोडला, पण जोड्या एकामागून एक निवडल्यामुळे जोड्यांचा आपसातला क्रम नकळत आत शिरला. ९० ÷ ६ = १५.

दुसरी वाट: ‘अ’ला जोडीदार द्या, ५ प्रकारे. उरलेल्या चारांपैकी यादीत जो आधी येतो त्याला जोडीदार द्या, ३ प्रकारे. उरलेली जोडी एकच. ५ × ३ = १५.

पण प्रश्न थोडा बदलला तर ९० हेच बरोबर उत्तर ठरतं. समजा एका जोडीने फळा लिहायचा आहे, एकीने पताका लावायच्या आहेत आणि एकीने रांगोळी काढायची आहे. आता अ-ब फळ्याकडे आणि क-ड पताकांकडे, हे उलट केलं तर वेगळी वाटणी झाली. जोड्यांना नावं मिळाली, म्हणून भागायचं नाही. आणि गट १, २ आणि ३ मुलांचे असतील तर नावं नसली तरी भागायचं नाही: ६ × १० × १ = ६०. गटांचे आकारच वेगळे असल्यामुळे त्यांची अदलाबदल होऊ शकत नाही. भागायचं ते फक्त सारख्या आकाराच्या, बिननावाच्या गटांच्या संख्येच्या फॅक्टोरियलने.

गोलात उभं राहण्याची गणितंही याच उलट्या चालीने सुटतात. झिम्मा खेळायला सहा जणी गोलात उभ्या राहिल्या आणि सगळ्या एकेक पाऊल सरकल्या तर गोल तोच राहतो. एक गोल ओळीच्या यादीत सहा वेळा येतो, म्हणून ७२० ÷ ६ = १२०. सहा वेगळ्या मण्यांची माळ असेल तर ती उलटूनही धरता येते, म्हणून आणखी २ ने भागून ६०. मुलींचा गोल असा उलटता येत नाही, तिथे १२० वरच थांबायचं.

‘किमान’ आला की सावध

आता आठवं गणित. समितीत किमान दोन बायका हव्यात. बहुतेक वह्यांत हे सापडतं: आधी दोन बायका घेऊन अट पुरी करून टाकू, ५ मधून २, म्हणजे १० प्रकारे. मग उरलेल्या सात जणांतून कोणीही दोन, २१ प्रकारे. १० × २१ = २१०.

ऐकायला हे पटतं, आणि म्हणूनच ते घातक आहे. अट पाळली आहे, कोणतीही समिती सुटलेली नाही. पण एक छोटी तपासणी करा: अट काढून टाकली तर समित्या किती? नऊ जणांतून चार, ९ × ८ × ७ × ६ ÷ २४ = १२६. अट नसताना १२६ आणि अट घातल्यावर २१०? अटीने संख्या कमी व्हायला हवी. ही कमाल मर्यादा प्रत्येक गणितात सोडवायच्या आधीच समासात लिहून ठेवायची. उत्तर तिच्यावर गेलं तर कुठेतरी दुहेरी मोजणी झालीच आहे.

कुठे झाली ते बघायला गणित लहान करा, इतकं लहान की सगळी उत्तरं हाताने लिहिता येतील. तीन बायका: मंदा, नंदा, सुधा. एक पुरुष: बाळू. तिघांची समिती, किमान दोन बायका. त्याच चुकीच्या रीतीने ३ × २ = ६. आता ती सहा लिहूनच काढा:

मंदा-नंदा, मग सुधा
मंदा-नंदा, मग बाळू
मंदा-सुधा, मग नंदा
मंदा-सुधा, मग बाळू
नंदा-सुधा, मग मंदा
नंदा-सुधा, मग बाळू

पहिली, तिसरी आणि पाचवी ओळ वाचा. मंदा, नंदा आणि सुधा ही एकच समिती तीनदा आली आहे. बाळू असलेली प्रत्येक समिती मात्र एकदाच आली आहे. खरी उत्तरं चारच. कारणही डोळ्यांसमोर आहे: ‘आधी घेतलेल्या दोन बायका’ आणि ‘नंतर आलेली बाई’ असा फरक आपण केला, पण तयार समितीत तसा फरक कुठेच दिसत नाही. मंदाच्या कपाळावर ‘मी आधी आले’ असं लिहिलेलं नसतं.

आता हाच हिशोब मोठ्या गणितात मांडू. उलटी चाल: तयार समिती घ्या आणि तिच्यातल्या बायकांपैकी ‘आधीच्या दोन’ कोणत्या धरता येतील ते मोजा. समितीत दोनच बायका असतील तर १ प्रकार. तीन असतील तर ३. चारही बायका असतील तर ६.

म्हणजे इथे सगळ्या समित्या सारख्याच वेळा मोजल्या गेलेल्या नाहीत. म्हणूनच २१० ला एखाद्या संख्येने भागून बरोबर उत्तर निघेल असा भरवसा धरता येत नाही. सातव्या गणितात भागाकाराने काम झालं, इथे नाही, आणि फरक एवढाच आहे. ‘दुहेरी मोजणी झालीय, मग २ ने भागू’ असं करणारी मुलं मी पाहिली आहेत. १०५ येतं. योगायोगाने ते बरोबरही आहे, पण रीत बरोबर नाही, आणि असा योगायोग पुढच्या गणितात साथ देत नाही.

बरोबर रीत म्हणजे एकमेकांत न मिसळणारे भाग पाडायचे. नेमक्या दोन बायका: १० × ६ = ६०. नेमक्या तीन: १० × ४ = ४०. चारही: ५ × १ = ५. बेरीज १०५. ‘नेमक्या’ हा शब्द इथे सगळं काम करतो. कोणतीही समिती घ्या, तिच्यात बायका नेमक्या दोन, नेमक्या तीन किंवा नेमक्या चार असतात. ती एकाच कप्प्यात पडते, म्हणून एकदाच मोजली जाते.

दुसरी वाट: नको त्या वजा करा. एकही बाई नाही, अशी समिती १. एकच बाई, अशा ५ × ४ = २०. १२६ − २१ = १०५.

आणि चुकीच्या २१० चाही हिशोब लागला पाहिजे. ६० समित्या एकेकदा, ४० समित्या तीन-तीनदा, ५ समित्या सहा-सहादा: ६० + १२० + ३० = २१०. हा जुळणी-हिशोब मी प्रत्येकाकडून एकदा तरी करून घेते. चुकलेलं उत्तर नेमकं का चुकलं हे आकड्यांनिशी दाखवता आलं की ती चूक पुन्हा सहसा होत नाही.

कमाल मर्यादेची तपासणी मात्र नेहमीच ओरडत नाही, हे लक्षात ठेवा. त्याच नऊ जणांतून चारांची समिती, पण या वेळी किमान तीन बायका हव्यात, हे गणित करून बघा. तीन बायका आधी घेतल्या, १० प्रकारे, आणि उरलेल्या सहातून एक घेतला, तर उत्तर ६० येतं. ते १२६ पेक्षा कमी आहे, म्हणून मर्यादा काहीच बोलणार नाही. उलटी चाल केली तरच कळतं: नेमक्या तीन बायकांच्या ४० समित्या एकेकदा आल्या आहेत, आणि चार बायकांच्या ५ समित्या चार-चारदा, कारण चौघींपैकी ‘नंतर आलेली’ कोणीही असू शकते. ४० + २० = ६०. खरं उत्तर ४५. इथे सवयीने २ ने भागलं असतं तर ३० आलं असतं.